मानेतली गाठ आणि टीबीचा कोर्स

एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या होस्टेलवर राहणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. दाढी करताना त्याला मानेवर सुपारीएवढी गाठ लागते. ती दुखत नाही, दाबली तर रबरासारखी वाटते. परीक्षा तोंडावर असते, म्हणून तो घरी सांगत नाही. दोन महिन्यांनी ताप येऊ लागतो, रात्री घामाने बनियन भिजतो, वजन उतरतं.

आपल्याकडे हे ऐकून कुणालाही आधी टीबी आठवणार, आणि त्यात चूक काहीच नाही. पण हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर याच वयात जास्त आढळतो आणि अगदी अशीच लक्षणं दाखवतो. खरी गफलत पुढे होते. गाठीत बारीक सुई घालून थोड्या पेशी काढतात. हॉजकिनच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी जेमतेम शंभरात एखादी असते, बाकी सगळी साध्या पेशींची गर्दी. सुईत ती एक पेशी आलीच नाही, तर रिपोर्टमध्ये नुसती सूज दिसते. कधी टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजकेही या कॅन्सरमध्ये दिसतात. मग जंतू सापडलेला नसतानाच टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. टीबी खराच असला तरी औषधं चालू असताना गाठ काही काळ वाढू शकते, त्यामुळे 'थांबून बघू' यात आणखी महिने जातात.

म्हणून टीबीचा जंतू सापडला नसेल आणि गाठ कमी होत नसेल, तर अख्खी गाठ काढून बायोप्सी करायची का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. लवकर सापडलेला हॉजकिन दहापैकी सुमारे नऊ जणांत बरा होतो.

निदान झालं की सगळ्यांना केमोची घाई होते आणि एक प्रश्न राहून जातो: पुढे मूल हवं असेल तर? काही केमोंमुळे वंध्यत्व येऊ शकतं. मुलाचं वीर्य गोठवून ठेवायला एक-दोन दिवस पुरतात, मुलीची बीजांडं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. पण हे पहिल्या डोसाआधीच व्हायला हवं. आईवडील शेजारी बसलेले असताना एकोणीस वर्षांचा मुलगा यावर एक शब्द बोलणार नाही. त्याच्याशी पाच मिनिटं एकट्याशी बोलावंच लागतं. मुलीच्या बाबतीत तर घरचे 'लग्नाचं कसं होणार' या धास्तीने आजारच लपवतात, आणि तिला काय हवंय हे विचारायचं राहतं.

आणखी एक. या केमोतलं डॉक्सोरुबिसिन हृदयाला आणि ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकतं, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. तोवर हा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेला असतो आणि फाइल गावी कपाटात असते. कोणतं औषध एकूण किती मिळालं, त्या पानाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असू द्या. पुढे कधी ऑपरेशनची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला तो आधी दाखवावा लागेल.