पसारा काढायचं पुस्तक आणि कमीत राहायचं पुस्तक: आधी कोणतं वाचावं?

आपल्याकडे तालुक्याच्या गावातही आता दोन खोल्यांचे फ्लॅट झाले आहेत. पोरांच्या शाळेसाठी गावचं घर सोडून माणसं तिथं राहायला येतात, पण सामान येतं ते ओसरी, माळा आणि अंगण असलेल्या घराचं. गव्हाची कोठी, पावसाळा लागला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद राहणारा कूलर, लग्नातले गंज आणि कोपर, पाहुण्यांच्या गाद्या, आणि सज्जावर काय आहे हे कुणालाच आठवत नाही अशी पोती. मग कुणी मिनिमलिझमचं पुस्तक वाचायला सांगतं, कुणी डिक्लटरिंगचं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, म्हणून ती एकच समजली जातात. पण दोन्हींचं काम वेगळं आहे, आणि सामानानं जीव मेटाकुटीला आलेला असताना चुकीचं पुस्तक आधी हाती आलं तर पसारा जागचा हलत नाही.

डिक्लटरिंगचं पुस्तक घरात आधीच असलेल्या सामानाबद्दल बोलतं: यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, उरलेलं कुठं राहील. मिनिमलिझमचं पुस्तक माणसाच्या गरजेबद्दल बोलतं: मुळात किती लागतं, आणि जास्तीचं घरात येतंच का. पहिल्याचं उत्तर दुपारभरात दिसतं. दुसऱ्याचं दिसायला वर्ष जातं, कारण सवय बदलावी लागते.

मुखपृष्ठावरच्या शब्दावरून हा फरक कळेलच असं नाही. जोशुआ बेकर यांच्या २०१८ च्या पुस्तकाचं नाव ‘द मिनिमलिस्ट होम’ आहे, पण आत एकेक खोली घेऊन पसारा कसा काढायचा तेच सांगितलं आहे. उलट घर आवरण्याच्या पुस्तकामुळं प्रसिद्ध झालेल्या जपानच्या मारी कोंडो यांना लोक सर्रास मिनिमलिस्ट म्हणतात. त्यांच्या पुस्तकात मात्र किती वस्तू ठेवाव्या याचा आकडा नाही. हातात घेतल्यावर मनाला आनंद देणारी वस्तू ठेवा, मग त्या कितीही असोत, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणून पुस्तक घेण्याआधी अनुक्रमणिका बघावी. प्रकरणांची नावं कपडे, स्वयंपाकघर, कागद अशी असतील तर ते पसारा काढायचं पुस्तक. जाहिराती, तुलना, वेळ, पैसा, समाधान अशी असतील तर ते कमीत राहायचं.

एकच जागा दोन्ही पुस्तकांच्या हाती देऊन बघू. सहा बाय चारचा दिवाण घ्या. झाकण उचलायला दोन माणसं लागतात आणि बंद करताना वर बसावं लागतं. आत रजया, गाद्या, चादरी, गोधडीसाठी बांधून ठेवलेलं जुन्या लुगड्यांचं गाठोडं, लेकरांचे आखूड झालेले स्वेटर, फाटकी दप्तरं आणि मिक्सरचं तडकलेलं भांडं.

पसारा काढायला डाना के. व्हाइट यांचं ‘डिक्लटरिंग ॲट द स्पीड ऑफ लाइफ’ (२०१८) लहान घरासाठी आम्हाला सगळ्यांत उपयोगी वाटतं. त्यांचा क्रम असा. आधी फक्त कचरा काढायचा. दप्तरं आणि ते भांडं जातं, आणि यात काही ठरवावं लागत नाही म्हणून हात चालू राहतो. मग ज्यांची जागा घरात दुसरीकडे ठरलेली आहे अशा वस्तू. त्या त्याच मिनिटाला तिथं नेऊन ठेवायच्या. ‘नंतर ठेवू’ म्हणून खाली ढीग लावायचा नाही. तिसऱ्या खेपेला उघड उघड देण्यासारखं असेल ते, जसे आखूड स्वेटर. ते एका पेटीत टाकायचे आणि पेटी भरली की घराबाहेर काढायची. आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया दारावर येतात. त्यांच्याशी सौदा करताना लक्षात ठेवा, कपडे गेले आणि स्टीलचं टोपलं आलं तर जागा मोकळी झालीच नाही.

उरलेल्यांसाठी व्हाइट दोन प्रश्न देतात. ही वस्तू लागली तर मी आधी कुठं शोधीन? उत्तर मिळालं की वस्तू तिथं न्यायची. उत्तर सुचलंच नाही तर दुसरा प्रश्न: लागली तर ती आपल्याकडे आहे हे मला आठवेल तरी का? आठवणारच नसेल तर तुम्ही नवीनच आणणार, म्हणजे ही ठेवून उपयोग नाही. लुगड्यांचं गाठोडं इथंच अडकतं. गोधडी शिवणारी बाई ठरलेली असेल तर ते तिच्याकडे आजच पोचवा. ठरलेली नसेल तर ते शिवणकामाचं सामान नाही, फक्त गाठोडं आहे.

शेवटी त्यांचा मुख्य नियम येतो: मर्यादा डबा ठरवतो, आपण नाही. दिवाण एवढाच आहे, म्हणून अंथरूण-पांघरूण त्यात मावेल एवढंच. सगळ्यांत जास्त लागणारं आधी आत ठेवायचं. घरात चार माणसं आणि एका वेळी येणारे दोन पाहुणे धरले तर सहा रजया, मग गाद्या, मग जागा उरेल तेवढ्या चादरी. झाकण दाब न देता, एका माणसाच्या हातानं बंद झालं पाहिजे. त्यावर जे उरलं ते जातं. नवी चादर आली तर एक जुनी काढायची.

या रीतीचा मोठा गुण म्हणजे ती मध्येच सोडता येते. नळ आला, पाहुणे आले, तरी घर सुरुवातीपेक्षा वाईट अवस्थेत नसतं. दोन खोल्यांत हे फार महत्त्वाचं आहे, आणि कोंडो यांची रीत इथंच जड जाते. त्या म्हणतात, खोलीनुसार नको, प्रकारानुसार घ्या: आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागद, मग किरकोळ सामान आणि शेवटी आठवणीच्या वस्तू. घरभरातल्या त्या प्रकारच्या सगळ्या वस्तू एका जागी आणून ढीग करा. आपल्याकडे किती आहे हे डोळ्यांना दिसण्यासाठी ढिगासारखं दुसरं काही नाही. पण तो ढीग पलंगावर होतो आणि रात्री दहाला त्याच पलंगावर झोपायचं असतं. संपला नाही की सगळं पुन्हा आलमारीत कोंबलं जातं. रीत वापरायचीच असेल तर प्रकार बारीक करा. एकाच माणसाचे, त्यातही फक्त साड्या किंवा फक्त शर्ट, असं सकाळी घेतलं तर दुपारच्या आत होतं. क्रम मात्र त्यांचाच ठेवा. फोटो आणि आईची पेटी आधी उघडली की दिवस तिथंच जातो.

कोंडो यांचं एक म्हणणं आपल्याकडे जसंच्या तसं लागू करू नये. कागदांबाबत त्यांचा मूळ नियम सगळे टाकून देण्याचा आहे. सध्या लागणारे, काही काळ लागणारे आणि कायम ठेवायचे, एवढेच त्यातून वाचतात. शेती असलेल्या घरात हा ‘कायम’चा गठ्ठा मोठाच असतो: खरेदीखत, वाटणीपत्र, जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार, सोसायटीचा बेबाकी दाखला, जातीच्या दाखल्याचे पुरावे. यांना हात लावायचा नाही. संगणकावरून काढलेले सातबाऱ्याचे जुने उतारे मात्र खुशाल टाका, कारण ताजा उतारा ऑनलाइन मिळतो आणि कामाला ताजाच मागतात. भरलेली जुनी वीजबिलं, लग्नपत्रिका, खतांच्या कंपन्यांची माहितीपत्रकं, एवढ्यानंच निम्मी पिशवी भरेल.

आता तोच दिवाण फुमिओ सासाकी यांच्या हाती देऊ. त्यांचं ‘गुडबाय, थिंग्ज’ जपानीत २०१५ ला आणि इंग्रजीत २०१७ ला आलं. मिनिमलिझमवरचं हे प्रामाणिक पुस्तक आहे, आणि वस्तू सोडण्याच्या ५५ युक्त्या त्यात असल्यानं पसारा काढायच्या पुस्तकाशी त्याची गल्लत होते. या विचारानं दिवाणापुढे उभं राहिलं की प्रश्न पाहुण्यांच्या रजया कशा मावतील हा राहत नाही. त्या घरात हव्यात का, आणि दिवाण तरी हवा का, असा होतो. प्रश्न चांगला आहे, पण गाठोड्यांत बुडालेल्या माणसाला त्यातून पहिलं पाऊल मिळत नाही. तो पुस्तक भारावून वाचतो, आवेशात दोन पोती बाहेर काढतो, त्यात सासूचा पितळी गुंड असतो, आणि घरात महिनाभर अबोला राहतो. दुसऱ्याच्या वस्तू त्याला न विचारता काढायच्या नाहीत, हे कोंडोही बजावतात.

शिवाय हे पुस्तक कोणत्या घरातून आलं ते बघितलं पाहिजे. सासाकी टोकियोत एकटे, लहानशा फ्लॅटमध्ये राहत होते. दुकानांना आपलं कोठार समजा, ही त्यांची एक युक्ती आहे. टोकियोत ती चालते. आपल्याकडे गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो, स्वतःच्या किंवा भावाच्या शेतातून येतो, आणि वर्षाचा भरून ठेवण्यात शहाणपण असतं. तिथं कोठी फेकायची नसते, मोजायची असते. नवा गहू यायच्या वेळी कोठीत जुना चाळीस-पन्नास किलो उरत असेल आणि त्यात सोंडे होत असतील, तर या वर्षी तेवढा कमी भरा. सासाकींचा प्रश्न असा आपल्या घराच्या मापानं विचारला की त्याचं मोल कळतं.

कमी वस्तूंत राहणाऱ्या माणसाच्या मागे बहुधा सामायिक साठा असतो. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटी बघितली की तिचा साधेपणा मनात भरतो, पण आश्रमात रसोडा सगळ्यांचा एक होता. तसं आपल्या गावात बिछायत केंद्र आहे. पंचवीस माणसांचे गंज, सतरंज्या आणि जास्तीच्या गाद्या तिथून एका दिवसासाठी मिळतात. वर्षातून एकदा लागणारं मोठं भांडं घरात ठेवण्याआधी तिथला एका दिवसाचा दर विचारून या.

मिनिमलिझमच्या पुस्तकाची खरी गरज दिवाण बंद व्हायला लागल्यावर पडते. कारण सामान पुन्हा येतं, आणि आपल्याकडे ते बाजारापेक्षा नात्यांतून जास्त येतं. लग्नसराईत आहेराच्या साड्या, टॉवेल-टोपी, स्टीलचे डबे. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणातल्या प्लॅस्टिकच्या वाट्या आणि चाळण्या. एक रांग आवरून झाली की दुसरीकडे हीच भर. इथं डब्याचा नियम अपुरा पडतो, कारण ‘नाही’ माणसाला म्हणायचं असतं. यासाठी महात्मा गांधींचं ‘मंगल प्रभात’ वाचावं. येरवड्याच्या तुरुंगातून १९३० मध्ये आश्रमाला लिहिलेली ही पत्रं, पुस्तक अगदी पातळ. त्यातलं अपरिग्रहावरचं पत्र साठवणीकडे बघण्याची नजर बदलतं, आणि अस्तेयाचं त्याला जोडून वाचलं की आणखी स्पष्ट होतं: गरज नसलेली वस्तू घेणं हीसुद्धा चोरी, असं ते म्हणतात.

घरात त्याचं रूप साधंच असतं. आपल्याकडून जाणारं वाण आधी बदलायचं: गुळाची ढेप, तीळ, अंगाचा साबण, असं संपणारं काही. आहेर घेणं-देणं बंद करायचं असेल तर ते पत्रिकेत छापायचं आणि जवळच्या चार घरांना तोंडी सांगायचं, नाहीतर पत्रिका न वाचता साड्या येतातच. आलेली साडी नको असेल तर ती त्याच लग्नसराईत पुढे जावी. आलमारीत एक पावसाळा काढला की तिला घरातली जागा मिळालेली असते.