बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर : छातीच्या संसर्गातील वापर

रक्तातील हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरलेला आहे, याचा अंदाज देणाऱ्या आणि चिमट्यासारख्या बोटाला लावायच्या उपकरणाला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात. बोलीत यालाच ‘ऑक्सिमीटर’ आणि त्यावरच्या आकड्याला ‘सॅच्युरेशन’ असे म्हटले जाते. चिमट्याच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाशकिरण बोटातून पलीकडे जातात. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बदलणाऱ्या शोषणावरून उपकरण टक्केवारी काढते. या पद्धतीचा पाया जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात घातला. आकडा ठोक्यांवर आधारलेला असल्याने, ज्या बोटात ठोका नीट पोहोचत नाही तिथला आकडाही विश्वासार्ह नसतो. चुकीच्या नोंदींचे मूळ बहुधा इथेच असते.

न्यूमोनियामध्ये फुप्फुसातील वायुकोश कफाने आणि द्रवाने भरतात, त्यामुळे त्या भागातून वाहणारे रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. रुग्णाला, विशेषतः वृद्धाला, याची जाणीव दम लागण्याच्या रूपाने होईलच असे नाही. कधी केवळ गळाठा, भूक मरणे किंवा बोलण्यात असंबद्धता एवढेच दिसते. सॅच्युरेशन 98 वरून 94 वर येते तेव्हा रक्तातील ऑक्सिजनचा दाब बराच घसरलेला असतो, तरी हिमोग्लोबिन बहुतांश ऑक्सिजन धरून ठेवते. 90 च्या सुमारास हा दाब साधारण 60 मिलिमीटर पारा इतका उरतो आणि तिथून पुढे उतार तीव्र होतो, म्हणजे दाबात थोडी घट झाली तरी टक्केवारी झपाट्याने खाली जाते. म्हणूनच 92 हा आकडा ‘नव्वदच्या वर आहे’ म्हणून सोडून देता येत नाही.

नोंद घेण्यापूर्वी रुग्णाने किमान पाच मिनिटे टेकून, न बोलता बसावे. हात छातीच्या पातळीवर उशीवर टेकलेला असावा, आणि बोटाचे टोक चिमट्याच्या आतल्या कडेपर्यंत पोहोचलेले असावे. तर्जनी किंवा मधले बोट सोयीचे पडते. नेलपॉलिश काढून टाकावी. लग्नसराईत बोटांच्या टोकांना गडद मेंदी रंगलेली असेल तर बिनमेंदीचे बोट किंवा पायाचे बोट वापरून पाहावे. रक्तदाबाचा पट्टा ज्या दंडाला बांधला आहे त्या हाताचे बोट घेऊ नये, आणि खिडकीतले थेट ऊन चिमट्यावर पडू देऊ नये. पडद्यावर पहिल्या काही सेकंदांत उमटणारा आकडा लिहू नये. आकडा स्थिरावेपर्यंत, निदान एक मिनिट, थांबून मग टिकून राहिलेला आकडा लिहावा. %SpO2 पुढील आकडा ऑक्सिजनचा आणि PRbpm पुढील आकडा नाडीचा असतो. उपकरण उलटे धरले तर 98 चा आकडा 86 असा वाचला जातो, ही गंमत वाटली तरी घाबरगुंडी उडवणारी चूक आहे.

एक कल्पित पण नेहमीच्या अनुभवातले उदाहरण घेऊ. डिसेंबरची सकाळ, पुण्यात सहकारनगरमधील एक घर. अडुसष्ट वर्षांच्या आजींना उजव्या फुप्फुसाचा न्यूमोनिया असल्याने डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरीच ठेवले आहे. आदल्या संध्याकाळी सॅच्युरेशन 96 होते. सकाळी साडेसहाला नातू चिमटा लावतो तर आकडा 87 आणि नाडी 54. आजी शालीत गुंडाळलेल्या आहेत, पण बोटे बर्फासारखी गार आहेत. घरातले कोणी घड्याळ लावून मनगटावर पूर्ण मिनिटभर नाडी मोजते, तर ती 104 भरते. उपकरणाची नाडी आणि हाताने मोजलेली नाडी यांत एवढी तफावत असेल तर चिमट्याला ठोकाच नीट सापडलेला नाही. त्याच्यासोबतचा 87 हा आकडाही तेवढाच निरर्थक ठरतो. आजींचा हात कोमट पाण्यात धरून, कोरडा करून, पाच मिनिटांनी पुन्हा चिमटा लावल्यावर 93 आणि नाडी 102 येते.

इथे बरेचजण हुश्श करतात आणि चहाला लागतात. वास्तविक, 87 खोटा ठरल्याने 93 चांगला ठरत नाही. निरोगी प्रौढाचे सॅच्युरेशन साधारण 95 ते 99 असते. पुण्याच्या सुमारे 560 मीटर उंचीने त्यात फार तर एखाद्या टक्क्याचा फरक पडावा, त्यामुळे ‘आपल्याकडे हवाच विरळ’ हे कारण चालत नाही. 93 किंवा 94 स्थिर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे आणि तासाभरात पुन्हा मोजावे. 92 किंवा त्याहून कमी येत असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि 90 च्या खाली आले तर 108 ला फोन करावा. आजींच्या बाबतीत आदल्या संध्याकाळच्या 96 पासून झालेली तीन टक्क्यांची घसरण हीच डॉक्टरांना सांगायची मुख्य गोष्ट आहे. दुपारी आकडा 91 आला आणि मिनिटाला श्वास 28 भरले, तर संध्याकाळच्या भेटीपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. प्रौढाचा श्वास मिनिटाला 30 किंवा अधिक, ओठ निळसर, छातीत दुखणे, गुंगी किंवा बडबड यांपैकी काहीही दिसले, तर आकडा कितीही असो, तो तातडीचाच प्रसंग समजावा.

विश्रांतीत आकडा 95 च्या वर असूनही शंका असेल, तर घरातल्या घरात नेहमीच्या चालीने सहा मिनिटे चालून पुन्हा मोजण्याची पद्धत आहे. कोविडच्या काळात महाराष्ट्रात ती घरोघर पोहोचली. चालल्यावर आकडा तीन टक्के किंवा अधिक उतरला, तर फुप्फुसाची राखीव क्षमता घटली आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. विश्रांतीतच आकडा कमी असलेल्या किंवा दम लागलेल्या रुग्णाला मात्र चालवू नये. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांचे नेहमीचे सॅच्युरेशनच 88 ते 92 असू शकते. त्यांच्यासाठी वरचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, डॉक्टरांनी ठरवून दिलेली मर्यादा पाळावी, आणि घरच्या सिलिंडरने आकडा 98 वर नेण्याचा हट्ट धरू नये, कारण त्यांच्यात जादा ऑक्सिजनाने कार्बन डायऑक्साइड साचू शकतो.

चांगल्या उपकरणाच्या आकड्यातही दोन-तीन टक्क्यांची चूक संभवते, आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेत ते प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवण्याची शक्यता वाढते. रक्तक्षयात सॅच्युरेशन 98 असले तरी मुळात हिमोग्लोबिनच कमी असल्याने शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळत नसेल, हे चिमट्याला कळत नाही. थंडीत दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवलेल्या खोलीत तर ते उघड फसवते : कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच भासते, आणि डोके दुखून मळमळणाऱ्या माणसाच्या बोटावर 98 झळकत राहतो. अशा वेळी आकड्याकडे न पाहता आधी दारे उघडावीत आणि माणसाला बाहेर आणावे.