चिकन कटलेट तळताना: तेल किती, गरम किती, म्हणजे वरचा चुरा आणि आतलं चिकन एकाच वेळी तयार होईल

आमच्या पाकिटातलं कटलेट कच्चं असतं, म्हणजे वरून ब्रेडक्रम्ब्सचा चुरा लावलेला असला तरी आत कच्चं चिकनच आहे, आणि ते पूर्ण शिजायलाच हवं. हे आधी सांगतोय कारण आम्हाला येणाऱ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त वेळा एकच तक्रार असते, वरून काळपट झालं आणि कापलं तर आत कच्चं. दुसरी तक्रार बरोबर उलटी, आत शिजलं पण वरून पांढरट आणि तेलकट. दोन्हीचं मूळ तेलातच आहे.

चुरा आधीच कोरडा असतो म्हणून त्याला रंग यायला वेळ लागत नाही. चिकनमध्ये मात्र भरपूर पाणी असतं आणि उष्णता बाहेरून मध्यापर्यंत हळूहळू सरकते, तेल कितीही गरम केलं तरी ती फारशी पळत नाही. म्हणजे आच वाढवली की रंग लवकर येतो पण आतलं शिजणं तेवढं लवकर होत नाही. म्हणून असं तापमान धरायचं की चुऱ्याला छान सोनेरी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच मध्य शिजून निघेल. आमच्या कटलेटची जाडी साधारण १२ मिलिमीटर ठेवली आहे ती याच हिशोबाने, आणि या जाडीला तळताना तेल १७० डिग्री सेल्सिअसच्या आसपास राहिलं की जमतं. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट लागतो, त्यामुळे घरी स्वतः जाड तुकडा करून त्याला चुरा लावत असाल तर हीच आच चालणार नाही, तो वर सोनेरी करून मग १८० डिग्रीच्या ओव्हनमध्ये आत शिजेपर्यंत ठेवावा लागतो.

आता तेल किती. बुडवून तळायची गरज नाही, पण नुसता थर पसरूनही चालत नाही. कटलेट ठेवल्यावर तेल त्याच्या जाडीच्या अर्ध्याच्या थोडं वर आलं पाहिजे. थोडं वर का, तर उलटल्यावर दोन्ही बाजूंचं तळलेलं मध्ये एकमेकांवर येतं आणि कडेला पट्टा राहत नाही. तेल कमी पडलं तर कटलेटच्या कंबरेला चौफेर फिकट रेघ दिसते, ती दिसली की समजा तेल कमी होतं.

एक उदाहरण आकड्यांत बघू. पॅन जाड बुडाचा, बूड २४ सेंटिमीटर, कटलेट दोन, प्रत्येकी साधारण १०० ग्रॅमचं. यात २०० मिली तेल घाला. रिकाम्या पॅनमध्ये ते जेमतेम साडेचार मिलिमीटर दिसेल आणि वाटेल एवढ्याने काय होणार, पण कटलेट ठेवली की ती तेलाला वर ढकलतात आणि पातळी पावणेसात मिलिमीटरच्या जवळ जाते, म्हणजे अर्ध्याच्या थोडी वर, आपल्याला हवी तेवढीच. बाटलीतून अंदाजाने ओतण्यापेक्षा एकदा मापाच्या कपाने मोजून बघा, मग पुढे डोळ्यांनाच कळतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाईंड तेल चांगलं, नुसत्या बटरमध्ये मात्र तळू नका, बटरमधला दुधाचा भाग या आचेला जळतो आणि त्याचे काळे कण चुऱ्याला चिकटतात.

तेल आधी १८० पर्यंत तापवा, कारण थंड कटलेट ठेवताच तापमान १५-२० डिग्रीने उतरतं. उतरून १६० वगैरे झालं तरी हरकत नाही, पहिलं अर्धं मिनिट गॅस थोडा मोठा ठेवा मग मध्यम करा, म्हणजे १७० च्या आसपास स्थिरावेल. किचन थर्मामीटर नसेल तर ब्रेडचा छोटा तुकडा तेलात टाका. लगेच बुडबुडे येऊन साधारण एका मिनिटात सोनेरी झाला तर तेल तयार आहे. पंधरा-वीस सेकंदांतच तपकिरी झाला तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, आणि नुसता तेल पीत पडून राहिला तर अजून तापवा. तेलातून धूर येत असेल तर आच नक्कीच जास्त झाली.

दोनपेक्षा जास्त कटलेट एकदम टाकू नका, खरंच. चार टाकली की तेल फार उतरतं, मग बुडबुडे मंदावतात. बुडबुडे म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय, ती वाफ तेलाला आत शिरू देत नाही, आणि वाफच थांबली की चुरा तेल ओढायला लागतो. तेलकट कटलेटचं कारण जास्त तेल नसतं, थंड तेल असतं.

पहिली बाजू ३ मिनिटं, दुसरी साधारण अडीच. दीड मिनिट झालं की चिमट्याने एक कड हलकेच उचलून बघा, रंग फिकट बिस्किटासारखा असेल तर बरोबर चाललंय. तेवढ्यातच गडद झाला असेल तर गॅस कमी करा, अजून पांढरंच असेल तर थोडा वाढवा. उलटायचं मात्र एकदाच, सारखं उलटंपालटं केलं की चुरा सुटतो. रंग हवा त्याच्यापेक्षा एक छटा हलका असतानाच काढा, बाहेर काढल्यावरही काही सेकंद तो गडद होत राहतो.

शिजलं का हे रंगावरून ठरवू नका, आतलं गुलाबीपण जाणं किंवा पाणी स्वच्छ निघणं हे दोन्ही कधी कधी फसवतं. थर्मामीटर कडेकडून आडवा घालून टोक बरोबर मध्यावर न्या, ७४ डिग्री दिसलं की झालं. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड कटलेट मधोमध कापून बघा, मांस आतपर्यंत पांढरं, घट्ट आणि तंतू सुटणारं हवं, काचेसारखं चमकतं असेल तर ते अजून कच्चं आहे.

मध्यंतरी एका ताईंचा फोन आला, सगळं आम्ही सांगितलं तसंच केलं तरी मध्ये कच्चं राहिलं म्हणून. थोडं विचारल्यावर कळलं की कटलेट फ्रीझरमधून काढून थेट पॅनमध्ये टाकली होती. चूक आमचीही, पाकिटावर ते ठळक लिहिलेलं नव्हतं, आता लिहिलंय. बर्फ वितळायलाच एवढी उष्णता लागते की तोवर वरचा चुरा पार पुढे निघून जातो, शिवाय बर्फाचं पाणी तेलात उडतं ते वेगळंच. म्हणून आदल्या रात्री खाली फ्रिजच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर वितळवू नका. तळायच्या आधी चुरा ओलसर वाटला तर वरून थोडा कोरडा चुरा दाबून लावा.

तळून झाल्यावर कागदावर थापून ठेवू नका, खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते, जाळीवर ठेवा. दुसरी बॅच टाकण्याआधी तेलात सुटलेला चुरा जाळीच्या झाऱ्याने काढून टाका आणि तेल पुन्हा १८० पर्यंत येऊ द्या, नाहीतर पहिली दोन कटलेट सुरेख आणि पुढची काळ्या ठिपक्यांची होतात.