बायोटेकच्या आकृतीचा फोटो पाठवण्याआधी हे वाचा

बारावीच्या आणि नीट रिपीटरच्या मुलांच्या शंका आमच्याकडे रोज संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर येतात. जेनेटिक्सची शंका मुलं टाइप करून विचारतात. बायोटेकची शंका मात्र फोटोतूनच येते, कारण तिथे प्रश्नच आकृतीवर असतो. प्लास्मिडचं वर्तुळ, त्यावर बाण, बाणांच्या टोकाला एन्झाइमची नावं. यातले बरेच फोटो आम्ही "पुन्हा काढा" म्हणून परत पाठवतो आणि मुलं वैतागतात. "सर, स्पष्ट तर दिसतंय!" दिसतं हो, वर्तुळ छान दिसतं. उत्तर ज्याच्यावर अवलंबून असतं तेवढंच दिसत नाही.

ते म्हणजे एन्झाइमच्या नावाच्या शेवटचा रोमन आकडा. उभ्या रेघा एक की दोन, दोन की तीन.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. एका मुलीने पीबीआर ३२२ चा फोटो पाठवला. प्रश्न असा होता की बाणाने दाखवलेल्या साइटवर परकी जीन जोडली आणि तो प्लास्मिड जिवाणूत घातला, तर ते जिवाणू अँपिसिलिनच्या प्लेटवर वाढतील का आणि टेट्रासायक्लिनच्या प्लेटवर वाढतील का. फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला, चकचकीत कागदावर उजेडाचा पट्टा आलेला. तिने बाणापुरताच भाग झूम करून घेतला होता. बाणाशी आम्हाला PvuI दिसलं. पीव्हीयू वन अँपिसिलिनच्या जीनमध्ये कापतो. तिथे परका तुकडा घुसला की ती जीन मोडते, म्हणजे जिवाणू अँपिसिलिनवर मरणार आणि टेट्रासायक्लिनवर जगणार. आम्ही तसं उत्तर लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या पप्पांचा फोन आला. पुस्तकाच्या मागे उत्तर होतं, दोन्ही प्लेटवर वाढतील. "पैसे घेता आणि चुकीचं शिकवता?" आम्ही पूर्ण पानाचा फोटो मागवला. तिथे छापलं होतं PvuII. दुसरी रेघ उजेडाच्या पट्ट्यात गेली होती.

पीव्हीयू टू ही पूर्ण वेगळी साइट आहे. ती रॉप नावाच्या जीनमध्ये येते. रॉपचं प्रोटीन प्लास्मिडच्या प्रती किती व्हाव्यात यावर लगाम ठेवतं, अँटिबायोटिकशी त्याचा काही संबंध नाही. तिथे तुकडा घातला तर अँपिसिलिन आणि टेट्रासायक्लिन या दोन्ही जीन शाबूत राहतात आणि जिवाणू दोन्ही प्लेटवर वाढतात. म्हणूनच तुकडा बसला की नाही, हे या साइटवर अँटिबायोटिकच्या प्लेटवरून ओळखता येत नाही. परीक्षक पीव्हीयू टू मुद्दाम विचारतात ते याचसाठी. पुस्तकाचं उत्तर बरोबर होतं, आमचंही आम्हाला दिसलेल्या फोटोपुरतं बरोबर होतं, आणि त्या मुलीची एक संध्याकाळ वाया गेली. त्या दिवसापासून आकडा स्पष्ट नसलेल्या फोटोवर अंदाजाने उत्तर द्यायचं नाही, असं ठरलं. उशीर झाला तरी चालेल.

आकडा पुसट असला तरी कधीकधी आम्हाला तो ओळखता येतो, पण त्यासाठी पूर्ण वर्तुळ फोटोत हवं. पीबीआर ३२२ वर साइटचा क्रम ठरलेला आहे. वर इको आर वनपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलं की आधी हिंड थ्री, मग टेट्रासायक्लिनच्या जीनमध्ये बॅम एच वन आणि सॅल वन, खाली रॉपमध्ये पीव्हीयू टू, त्यापुढे ओरी, आणि चढत्या बाजूला अँपिसिलिनच्या जीनमध्ये पीएसटी वन आणि पीव्हीयू वन. पीएसटी वनच्या शेजारी असेल तर तो पीव्हीयू वन. रॉपवर बाण असेल तर पीव्हीयू टू, मग रेघ दिसो न दिसो. झूम करून एकच बाण पाठवला की शेजारी कोण आहे तेच कळत नाही, आणि आमच्या हातातलं एवढं एक साधनही जातं.

हिंडच्या बाबतीत तर जास्तच सांभाळा. हिंड टू आणि हिंड थ्री एकाच जिवाणूतून मिळालेले, पण हिंड टू बोथट टोकं ठेवतो आणि हिंड थ्री चिकट. "लायगेजने सहज जोडता येतील का" अशा प्रश्नात एका रेघेने उत्तर फिरतं. पुस्तकात पहिला शोधलेला रिस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणून येतो तो हिंड टू, आणि पीबीआर ३२२ च्या आकृतीत असतो तो हिंड थ्री. मुलं दोघांना एकच धरतात. फोटो चांगला असला तरीही धरतात, तो भाग वेगळा.

उपाय सोपा आहे. फोटो पाठवला की त्याखाली एन्झाइमचं नाव आकड्यासकट स्वतः टाइप करा: "सर, पीव्हीयू टू आहे". पुस्तक तुमच्यासमोर आहे, आमच्यासमोर नाही. पाच सेकंदांचं काम आहे, आणि टाइप करताना तुमचंही लक्ष आकड्याकडे जातं. आमच्या काही जुन्या मुलांना तर टाइप करतानाच उत्तर सुचतं आणि ती मेसेज डिलीट करतात. आमचं गिऱ्हाईक जातं, पण चालतं.

दुसरी गोष्ट पान कापण्याची. प्लास्मिड गोल असतो, आणि गोलाचा अर्धाच भाग फोटोत आला की ती सरळ पट्टी वाटते. तुकडे मोजण्याच्या प्रश्नात इथे हमखास घात होतो. गोल डीएनए दोन ठिकाणी कापला तर दोन तुकडे, सरळ डीएनए दोन ठिकाणी कापला तर तीन. एक उदाहरण पाहू. पीबीआर ३२२ मध्ये ४३६१ बेस जोड्या आहेत. इको आर वन आणि बॅम एच वन दोघे त्याला एकेकदाच कापतात, आणि त्यांच्यातलं जवळच्या बाजूचं अंतर सुमारे ३७७ जोड्यांचं आहे. दोघांनी एकदम कापलं की एक तुकडा ३७७ चा आणि उरलेला ३९८४ चा, बेरीज पुन्हा ४३६१. बेरीज जुळली की मोजणी बरोबर, हा ताळा प्रत्येक प्रश्नात करून पाहा. एकाच एन्झाइमने कापलं तर तुकडा एकच, पूर्ण लांबीचा, फक्त गोलाचा सरळ झालेला. "एकदा कापलं तर दोन तुकडे व्हायला हवेत ना" ही शंका आम्हाला इतक्यांदा येते की आम्ही आता हातातली बांगडी काढून दाखवतो. बांगडी एका जागी तुटली तर काचेचा तुकडा एकच राहतो.

पीसीआरचं थोडक्यात. तापमानाच्या आलेखाचा फोटो डावीकडून कापला गेला आणि आकडे गेले, तरी पाठवा, आम्ही परत करणार नाही. वक्राचा आकार बोलका असतो. सगळ्यात उंच सपाटी म्हणजे ९४ अंशांच्या आसपासचं डिनॅच्युरेशन, सगळ्यात खोल जागा प्रायमर बसण्याची, आणि मधली पायरी ७२ अंशांची, जिथे टॅक पॉलिमरेज साखळी वाढवतं.

प्रायमरची निवड विचारली असेल तर मात्र पट्टीची दोन्ही टोकं हवीतच. समजा पट्टीवर TACGGA छापलंय आणि टोकाचे छोटे आकडे फोटोच्या कडेला गेले. पट्टी 3′-TACGGA-5′ असेल तर तिच्यावर 5′-ATGCCT-3′ हा प्रायमर बसतो. तीच पट्टी 5′-TACGGA-3′ असेल तर 5′-TCCGTA-3′ बसतो. पेपर काढणारा दोन्ही पर्याय ठेवतो, आणि टोकं दिसत नसतील तर आम्हाला दोन्ही तितकेच बरोबर. खऱ्या प्रयोगात प्रायमर साधारण वीस बेसचा असतो, सहा हे परीक्षेपुरतं.

आता आमच्या पद्धतीबद्दल, कारण त्यावरही विचारणा होते. "नुसतं ए, बी, सी की डी एवढं सांगा, लगेच हवंय" असा मेसेज आला तर आम्ही पर्याय सांगत नाही, वर्तुळ हाताने काढून कोणती जीन मोडली ते दाखवतो आणि मराठीत छोटा व्हॉइस मेसेज जोडतो. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. फक्त पर्याय हवा असेल तर तो उत्तरसूचीत छापलेला असतोच, त्यासाठी आम्हाला पंधरा रुपये देऊ नका. वाचता न येणाऱ्या फोटोचे आम्ही पैसे घेत नाही, आणि पुन्हा काढलेल्या फोटोचे वेगळेही लावत नाही.

फोटो काढताना पान दिवसा खिडकीशी सपाट ठेवा, शिलाईजवळचा वाकलेला भाग बोटाने दाबून धरा, फ्लॅश बंद ठेवा. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅप तो आवळतं आणि बारीक रेघा सगळ्यात आधी चिकटतात. आधी पूर्ण पान, मग हवं तर जवळून दुसरा.

कोरी वर्तुळं आणि रिकामे पीसीआर आलेख छापलेली सरावाची वही काउंटरवर चाळीस रुपयांना आहे. महिन्याची फी भरलेल्या मुलांना ती तशीच मिळते, मागून घ्या, आम्ही द्यायला विसरतो. शंका संध्याकाळी सहा ते रात्री दहा. दहानंतर आलेल्या फोटोचं उत्तर सकाळी, कारण त्या वेळी आमच्याही डोळ्यांना दोनच्या तीन रेघा दिसायला लागतात.