सर्वायव्हरशिप बायस : उरलेल्यांवरून काढलेले निष्कर्ष

एखाद्या गटातले काही घटक मध्येच गळून गेलेले असतात आणि अभ्यास मात्र शेवटी उरलेल्यांचाच होतो. अशा वेळी निष्कर्षात जी पद्धतशीर चूक शिरते तिला संख्याशास्त्रात सर्वायव्हरशिप बायस किंवा उत्तरजीविता अभिनती म्हणतात. नमुना लहान असल्यामुळे होणाऱ्या चुकीपेक्षा ही वेगळी आहे. उरलेल्यांची संख्या कितीही वाढवली तरी ती कमी होत नाही, कारण गळतीचा संबंध ज्या गोष्टीचे मोजमाप चालले आहे तिच्याशीच असतो. गळती निव्वळ योगायोगाने झाली असेल, तर सरासरी बिघडत नाही.

या विषयाशी अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रीय संशोधन गटात असताना, १९४३ मध्ये, त्याने युद्धातून परत आलेल्या विमानांवरच्या माऱ्याच्या नोंदींवरून न परतलेल्या विमानांविषयी अनुमान काढण्याची रीत लिहून ठेवली. (लाल ठिपक्यांच्या विमानाचे जे चित्र सगळीकडे फिरते, ते वाल्डचे नाही. ते अलीकडे काढलेले काल्पनिक चित्र आहे.) त्याच्या टिपणातल्या उदाहरणात ४०० विमाने जातात आणि ३८० परततात. त्यांपैकी ३२० विमानांना एकही गोळी लागलेली नसते. न परतलेली २० विमाने गोळ्या लागूनच पडली आणि प्रत्येक गोळीने विमान पडण्याची शक्यता सारखीच असते असे धरले, की परतलेल्यांच्या नोंदींवरून एक गोळी लागूनही विमान वाचण्याची शक्यता काढता येते. ती सुमारे ०.८५ येते. हा हिशेब जमतो, कारण निघालेल्या विमानांचा आकडा हाताशी आहे. उद्योग आणि शिक्षण यांच्या अभ्यासांत बहुधा नेमका हाच आकडा नसतो.

उद्योगातल्या यशाचा अभ्यास साधारणपणे यशस्वी कंपन्या निवडून सुरू होतो. जिम कॉलिन्स यांचे २००१ मधले ‘गुड टू ग्रेट’ हे पुस्तक त्याचे सर्वांत काळजीपूर्वक केलेले उदाहरण म्हणावे लागेल. १,४३५ कंपन्यांच्या यादीतून, पंधरा वर्षांत शेअर बाजाराच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त परतावा देणाऱ्या ११ कंपन्या वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यात समान काय आहे ते शोधले. तुलनेसाठी त्याच क्षेत्रांतल्या कमी यशस्वी कंपन्याही घेतल्या होत्या, त्यामुळे ‘तुलनाच केली नाही’ हा आक्षेप इथे लागू पडत नाही. खरी अडचण निवडीच्या दिशेत आहे. त्या ११ कंपन्यांत जे गुण सापडले तेच गुण असणाऱ्या एकूण कंपन्या किती होत्या आणि त्यांतल्या किती बुडाल्या, हे मोजायला आधी गुणांवरून यादी करावी लागते आणि मग निकाल पाहावा लागतो. इथे निकालावरून यादी झाली. त्या ११ पैकी सर्किट सिटीने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी फॅनी मे अमेरिकी सरकारच्या ताब्यात गेली. यावरून अभ्यास चुकला असे मात्र सिद्ध होत नाही. कमालीच्या यशानंतर कामगिरी सरासरीकडे घसरणे हे वेगळे कारण आहे, आणि ही दोन कारणे वारंवार एकमेकांत मिसळली जातात.

सर्वांत मोठी फसगत होते ती जोखमीच्या बाबतीत. व्यवस्थापनाचे अभ्यासक जर्कर डेनरेल यांनी २००३ मध्ये ती नेमकी मांडली. तिचे स्वरूप साध्या कल्पित आकड्यांत असे दाखवता येईल. सावध धोरणाच्या १०० कंपन्या दरवर्षी १० टक्के नफा मिळवतात. धाडसी धोरणाच्या १०० कंपन्यांपैकी निम्म्यांना ३० टक्के नफा होतो आणि निम्म्यांना ३० टक्के तोटा होतो. धाडसी गटाची सरासरी शून्य, म्हणजे सावध गटापेक्षा वाईट. पण तोट्यातल्या ५० कंपन्या बंद पडल्या आणि वर्षभराने कोणी उरलेल्या १५० कंपन्या तपासल्या, तर धाडसी कंपन्या ३० टक्के आणि सावध कंपन्या १० टक्के मिळवताना दिसतात. ‘मोठी उडी मारा’ हा सल्ला आकड्यांनिशी सिद्ध झाल्यासारखा वाटतो, आणि यशस्वी उद्योजकांच्या आणखी शंभर मुलाखती घेतल्या तरी तो खोटा ठरत नाही.

शिक्षणात गळती उघड असते, तरीही ती हिशेबातून निसटते. पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणी फक्त शाळेत असलेल्या, सातवी किंवा त्यापुढच्या इयत्तेतल्या मुलांची होते. २०१२ मध्ये व्हिएतनामने गणितात ५११ गुण मिळवले, तर ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी ४९४ होती. पण व्हिएतनामच्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५६ टक्केच या नमुन्याच्या कक्षेत येत होती. बाहेरची ४४ टक्के मुले सगळीच परीक्षा दिलेल्यांपेक्षा मागे असती असे टोकाचे गृहीत धरले, तर देशातला मधला मुलगा परीक्षा दिलेल्यांत शंभरात खालून साधारण अकरावा येतो. वास्तव या टोकाइतके वाईट नाही. गळतीची भरपाई करून पाहणाऱ्या अभ्यासांतही, उत्पन्नाच्या मानाने व्हिएतनामची कामगिरी चांगलीच ठरली. मात्र ५११ हा आकडा ‘व्हिएतनामची मुले’ या शब्दांसमोर लिहिता येत नाही.

दहावीच्या निकालाची टक्केवारीही परीक्षेला बसलेल्यांवर काढली जाते. आठवी-नववीत शाळा सोडलेले मूल त्या छेदात नसते. शाळेला शंभर टक्के निकाल दाखवायचा असेल, तर कच्च्या मुलाला नववीत अडवणे किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावणे पुरते. शिकवण्यात काही बदल करावा लागत नाही. म्हणूनच ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणारे ‘असर’ सर्वेक्षण शाळेत न जाता ग्रामीण भागातल्या घरोघरी केले जाते, आणि शाळा सोडलेल्या मुलांचेही वाचन-गणित तपासले जाते.

चूक नेहमी फुगवणारीच असते असेही नाही. समजा, चिठ्ठ्या टाकून १०० मुलांना गळती रोखणाऱ्या उपक्रमात घेतले आणि १०० मुलांना बाहेर ठेवले. उपक्रमातली ८० मुले दहावीला बसली आणि त्यांची सरासरी ५४ आली. बाहेरची ६० बसली आणि सरासरी ५८ आली. उपक्रम चार गुणांनी घातक दिसतो. पण उपक्रमामुळे टिकलेली २० जादा मुले बहुधा कच्चीच असणार. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीत ८० मधून २० मुले दोन वेगवेगळ्या प्रकारे वगळून पाहतात. तळाची २० (समजा, सरासरी ३६) वगळली तर उरलेल्या ६० ची सरासरी ६० येते, म्हणजे फरक +२. वरची २० (समजा, सरासरी ७५) वगळली तर ४७ येते, म्हणजे फरक −११. उपक्रमाविना जी टिकलीच असती, त्या मुलांवरचा सरासरी परिणाम या दोन टोकांच्या मध्ये असतो. मात्र उपक्रमामुळे कोणीही शाळा सोडली नाही, हे गृहीत धरावे लागते. जाचक शिस्त लावणाऱ्या उपक्रमात ते टिकत नाही. दोन्ही गटांतली गळती जितकी सारखी, तितकी ही टोके जवळ येतात.

म्हणून अहवाल वाचताना पहिली शंका आकड्यांवर नव्हे, यादीच्या तारखेवर घ्यावी. पहिल्या दिवशीच्या पटावर किती नावे होती, त्यांतली किती गेली आणि कोणत्या कारणाने, हे अहवालात हवे. कंपन्यांच्या बाबतीत विलीन झालेल्या आणि बंद पडलेल्या कंपन्या वेगळ्या मोजायला हव्यात, कारण चांगल्या भावाने विकली गेलेली कंपनीही यादीतून नाहीशीच होते, आणि तिला अपयशी धरले तर चूक उलट्या बाजूला जाते.