घनमूळ उजवीकडून की डावीकडून?

वर्ग, घन आणि घनमुळांच्या स्वाध्यायाचा मोबाइलवर काढलेला फोटो बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. पान थोडं तिरकं, कडेला बोटाची सावली, आणि एखाद्या गणितापुढे पेन्सिलीने लिहिलेलं ‘एकक ३ → ७’. गणित असतं ५०६५३ चं घनमूळ काढा. सोडवणाऱ्याने शेवटचे तीन अंक झाकले, उरलेल्या ५० कडे पाहिलं, ३ चा घन २७ आणि ४ चा ६४ म्हणून दशक ३ घेतला. मूळ संख्येच्या शेवटी ३ आहे म्हणून एकक ७. उत्तर ३७, वेळ पाच सेकंद.

ही युक्ती चालते याचं कारण साधं आहे. ३७ म्हणजे तीन दशक आणि सात. तिचा घन केला की ज्या ज्या पदात दशक येतो ते पद दहाच्या पटीत जातं, आणि एककाची जागा फक्त ७ चा घन, म्हणजे ३४३ मधला ३, ठरवतो. शून्यापासून नऊपर्यंतच्या घनांचे शेवटचे अंक लिहून पाहिले तर ०, १, ८, ७, ४, ५, ६, ३, २, ९ असे येतात. एकही अंक दोनदा नाही. २ आणि ८ यांची अदलाबदल, ३ आणि ७ यांची अदलाबदल, बाकीचे जागच्या जागी. म्हणून घनाचा शेवट कळला की मुळाचा शेवट निःसंशय कळतो.

आता समजा त्या फोटोत शेवटचा अंक नीट आलेला नाही आणि ३ ऐवजी ८ वाचला गेला. ५०६५८. युक्ती अडखळत नाही. ती शांतपणे ३२ सांगते. ३२ चा घन ३२७६८, म्हणजे उत्तर सपशेल चूक, पण पद्धतीतून तसा कुठलाच इशारा मिळत नाही. एकक अंकाची युक्ती घनमूळ ‘काढत’ नाही. संख्या पूर्ण घन आहे असं कुणीतरी आधीच वचन दिलेलं असतं, त्या भरवशावर ती दोन अंक ओळखते. तिचा इतिहास पाहताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण घनमुळाची जुनी रीत नेमकी उलट स्वभावाची आहे.

ती रीत इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात, गणितपादाच्या एका श्लोकात आहे. आर्यभट अंकांच्या जागांना नावं देतो: एकक ‘घन’, दशक पहिला ‘अघन’, शतक दुसरा ‘अघन’, हजार पुन्हा ‘घन’. सुरुवात सर्वांत डावीकडच्या घनस्थानापासून. आपलंच ५०६५३ घेऊ. ५० मधून ३ चा घन २७ वजा केला, उरले २३. पुढचा ६ उतरवला, झाले २३६. याला मुळाच्या वर्गाच्या तिपटीने, म्हणजे २७ ने भागायचं. भाग ८ लावला तर पुढची वजाबाकी होत नाही, म्हणून ७. सात वेळा २७ म्हणजे १८९, उरले ४७. ५ उतरवला, ४७५. यातून ७ चा वर्ग गुणिले ३ गुणिले आधीचं मूळ ३, म्हणजे ४४१ वजा, उरले ३४. शेवटचा ३ उतरवला, ३४३, आणि त्यातून ७ चा घन ३४३ गेला. बाकी शून्य. हेच ५०६५८ वर केलं तर शेवटी ५ उरतात, आणि संख्या पूर्ण घन नाही हे तिथेच उघड होतं.

त्याहीआधी तक्ते होते. १८५४ मध्ये आताच्या इराकमधल्या सेनकेरा इथे सापडलेल्या बॅबिलोनी मातीच्या पाट्यांवर ५९ पर्यंतचे वर्ग आणि ३२ पर्यंतचे घन आहेत. १८१४ मध्ये इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लोने एक ते दहा हजारपर्यंतच्या संख्यांचे वर्ग, घन आणि त्यांची मुळं छापली. ज्याला खरोखर हिशेब करायचा होता तो तक्ता उघडायचा किंवा डावीकडून भागाकार करायचा. शेवटचा अंक पाहून अंदाज बांधायची त्याला गरज नव्हती, कारण व्यवहारातली संख्या सहसा पूर्ण घन नसतेच.

ती गरज होती मंचावर. १८१२ मध्ये आठ वर्षांच्या झेरा कोलबर्न या अमेरिकन मुलाला लंडनमध्ये २६८३३६१२५ चं घनमूळ विचारलं गेलं आणि त्याने चटकन ६४५ सांगितलं. १८३३ च्या आत्मचरित्रात त्याने आपली रीत उलगडली: संख्येचे शेवटचे दोन अंक आणि सुरुवातीचे अंक पाहायचे. विचारणारा माणूस एखाद्या संख्येचा घन घरून करून आणतो, म्हणजे पूर्ण घनाचं वचन प्रश्नातच असतं, हे यामागचं गृहीतक.

पण हे उदाहरण वाटतं तितकं सोपं नाही. २६८ मध्ये ६ चा घन २१६ मावतो, म्हणून शतक ६. शेवट ५, म्हणून एकक ५. मधला अंक? शेवटी २५ असेल तर मुळाचा दशक सम असतो एवढंच कळतं. म्हणजे ६०५, ६२५, ६४५, ६६५, ६८५ असे पाच उमेदवार उरतात. शेवट १, ३, ७ किंवा ९ असेल तर असा गोंधळ नसतो. ५ आणि सम अंक त्रास देतात. इथे अंकांची बेरीज मदतीला येते. २६८३३६१२५ च्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे संख्येला ९ ने भाग जातो, म्हणजे मुळाला ३ ने जायला हवा. पाचांपैकी तो फक्त ६४५ ला जातो.

हीच बेरीज फोटोतल्या चुकीलाही पकडते. कुठल्याही पूर्ण घनाला ९ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ८ च येते. ५०६५३ ची बेरीज १९, बाकी १, चालेल. ५०६५८ ची बेरीज २४, बाकी ६, म्हणजे अंक पुन्हा वाचा. अर्थात ही चाळणी आहे, पुरावा नाही. चुकीची संख्याही कधी तिच्यातून सुटते.

१९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारती कृष्ण तीर्थांच्या ‘वैदिक गणित’ या पुस्तकात पूर्ण घनांसाठी शेवटच्या अंकाची रीत आहे. नावामुळे ती फार प्राचीन असल्याचा समज होतो. आर्यभटाच्या श्लोकात मात्र सगळं काम डावीकडून चालतं, शेवटच्या अंकावरून मूळ ओळखणं त्यात नाही.

बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेने या युक्तीला पुन्हा मंच दिला, कारण तिथेही पूर्ण घनाचं वचन असतं. मुरलेला प्रश्नकर्ता ५०६५३ साठी ३३, ३७, ४३, ४७ असे पर्याय ठेवतो, म्हणजे नुसता एकक पाहणारा ३७ आणि ४७ मध्ये अडकतो आणि त्याला ५० कडे वळावंच लागतं. वर्गमुळात तर हा सापळा आयताच मिळतो, कारण वर्गांचे शेवट जोडीने येतात. ५४७६ चा शेवट ६, म्हणून मुळाचा शेवट ४ किंवा ६. ५४ मध्ये ७ चा वर्ग मावतो, म्हणून ७४ किंवा ७६. इथे मधल्या ७५ चा वर्ग करायचा: सात गुणिले आठ छप्पन्न, पुढे पंचवीस, ५६२५. ५४७६ त्याहून लहान, म्हणून ७४.