प्रवेश फीचा गुंता : सीमाभागातील ई-स्पोर्ट्स संयोजनाची पार्श्वभूमी

ई-स्पोर्ट्समध्ये स्वतः न खेळता काम करणाऱ्यांत प्रशिक्षक आणि विश्लेषक यांची चर्चा अधिक होत असली, तरी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात या क्षेत्राची वाट बहुधा संयोजनातूनच सापडते. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरवण्याची सवय इथल्या मंडळांना आधीपासून होती. संघांकडून प्रवेश फी घ्यायची, एखाद्या दुकानदाराकडून चषक मिळवायचा आणि जमलेल्या रकमेतून पहिले-दुसरे बक्षीस द्यायचे, ही पद्धत मोबाइलवरील स्पर्धांना जशीच्या तशी लागू झाली. सायबर कॅफेत संगणक जोडून खेळण्याचा त्याआधीचा काळ इथल्या संयोजकांना फारसे काही शिकवून गेला नाही.

२ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याच धाटणीचा बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया म्हणजे बीजीएमआय भारतात दाखल झाला. त्यात चार जणांचे १६ संघ एका ‘कस्टम रूम’मध्ये उतरतात. संयोजक संघांना स्लॉट वाटून देतो, ठरलेल्या वेळी रूमचा आयडी आणि पासवर्ड गटावर टाकतो, आणि सामना संपला की निकालाच्या स्क्रीनशॉटवरून क्रमांक व किल, म्हणजे संघाने बाद केलेल्या प्रतिस्पर्ध्यांची संख्या, तक्त्यात हाताने भरतो. अलीकडे रुळलेल्या पद्धतीत पहिल्या क्रमांकाला १०, दुसऱ्याला ६, पाचव्याला ३ आणि प्रत्येक किलला १ गुण मिळतो. म्हणजे ३ किल करून जिंकलेल्या संघाचे १३ गुण होतात, तर १२ किल करून पाचवा आलेला संघ १५ गुणांवर जातो. तक्ता भरणाऱ्याला हा फरक रोज दिसत असतो. कोणता संघ लपून क्रमांक राखतो, कोणता खेळण्याच्या क्षेत्राचे वर्तुळ आकसण्याआधीच भिडून बाद होतो, हे त्याच्या लक्षात येऊ लागते आणि विश्लेषणाचे काम तिथेच सुरू होते. प्रशिक्षकाला नेमकी हीच माहिती हवी असते.

या व्यवस्थेतली खरी अडचण मात्र प्रवेश फीची होती. निपाणीतल्या एखाद्या संयोजकाने १६ संघांकडून प्रत्येकी २०० रुपये घेतले, तर ३,२०० रुपये जमतात. त्यातले २,५०० रुपये बक्षीस म्हणून दिले आणि ७०० रुपये इंटरनेट व मदतनिसासाठी ठेवले, तर हिशेब साधा दिसतो. पण बक्षीस खेळाडूंच्याच पैशातून आले असल्याने ती फी मानायची की पणाला लावलेली रक्कम, हा प्रश्न उरतो. मैदानावरच्या क्रिकेटबाबत तो क्वचितच कोणी विचारला असेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये कर्नाटकाच्या पोलीस कायद्यातील दुरुस्ती अमलात आली, आणि तिने निकाल अनिश्चित असलेल्या, अगदी कौशल्याच्याही खेळावर पैसे जोखमीत घालणे जुगारात आणले. कागलचे संघ निपाणीच्या रूममध्ये खेळत असताना पैसे नेमके कोणत्या राज्यात स्वीकारले गेले, याचा विचारही संयोजकाला तेव्हापासून करावा लागला. जुगारअड्डा चालवणारा आणि सातशे रुपये मागे ठेवणारा हौशी पोरगा यांच्यात त्या दुरुस्तीने पुरेसा फरक केला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या दुरुस्तीतील संबंधित तरतुदी रद्द ठरवल्या. योगायोग असा की त्याच दिवशी केंद्राने ५४ अ‍ॅपवर घातलेल्या बंदीची बातमी आली आणि त्यांत फ्री फायर हा त्याच धाटणीचा मोबाइल खेळही होता. कायद्याचा अडसर दूर झाला, तर खेळच गेला. पुढे जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयही अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. एकाच खेळाच्या रूम भरवणाऱ्याचे काम या मधल्या काळात आटले. ज्याला प्रेक्षक-खात्यातून योग्य क्षणी योग्य खेळाडूवर कॅमेरा नेणे, म्हणजे ऑब्झर्व्हरचे काम, आणि थेट प्रक्षेपण जमत होते, त्याला दुसऱ्या खेळाकडे वळण्याची निदान सोय होती.

डिसेंबर २०२२ मध्ये बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्स हा विषय केंद्रीय क्रीडा खात्याकडे, तर ऑनलाइन गेमिंग माहिती-तंत्रज्ञान खात्याकडे सोपवला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्यातून ई-स्पोर्ट्स वगळले आहेत. स्पर्धेतील प्रवेशासाठी किंवा व्यवस्थापनाच्या खर्चापुरती फी घेता येते, कामगिरीवर बक्षीसही देता येते; पैज मात्र कोणालाही लावता येत नाही, मग तो खेळाडू असो वा प्रेक्षक. पण ई-स्पोर्ट म्हणवून घेण्यासाठी त्या खेळाला मान्यता आणि नोंदणी लागते. फी घेऊन बक्षीस देणाऱ्या स्पर्धेतला खेळ या चौकटीत बसला नाही, तर ती पैशांच्या खेळाच्या व्याख्येच्या फार जवळ जाते.

म्हणून संयोजकाने दोन हिशेब वेगळे ठेवणे बरे : फीतून केवळ खर्च, आणि बक्षीस प्रायोजकाच्या पैशातून. निपाणीच्या उदाहरणात मग प्रत्येक संघाकडून ४५ रुपये पुरतात, कारण १६ संघांचे ७२० रुपये होतात आणि ७०० रुपयांचा खर्च त्यात भागतो. उरलेले २,५०० रुपये देणारा दुकानदार शोधण्याचे काम संयोजकाच्या गळ्यात पडते, आणि टेनिस बॉलच्या मैदानावर तो ते पूर्वीपासून करत आलेला आहे.